नफा पंधरा हजार कोटींचा, वाट्याला आठ हजार

पुण्याच्या बजाज फिनसर्वचा २०२३-२४ या वर्षाचा एकत्रित नफा-तोटा हिशेब उघडला, तर करानंतरच्या नफ्यापुढे सुमारे १५,६०० कोटी रुपये हा आकडा दिसतो. थोडं खाली नजर गेली की दुसरा आकडा भेटतो: ८,१४८ कोटी. बातम्यांमध्ये झळकला तो हा दुसरा. मधले जवळपास साडेसात हजार कोटी करात गेले नाहीत, बुडाले नाहीत आणि कुणी पळवलेही नाहीत. ते ज्या ओळीत बसले आहेत तिला लेखापाल ‘नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट’ म्हणतात. जुन्या पिढीतले सीए अजूनही सवयीने ‘मायनॉरिटी’ म्हणतात.

ही ओळ बहुतेक भागधारक वाचत नाहीत. बजाज फिनसर्वच्या बाबतीत तिच्यात जवळपास अर्धा नफा आहे, त्यामुळे न वाचण्याची किंमत मोठी.

बजाज फिनसर्व स्वतः फारसा धंदा करत नाही. २००७-०८ मध्ये जुन्या बजाज ऑटोची विभागणी झाली, तेव्हा वित्तसेवांचा पसारा सांभाळण्यासाठी ही कंपनी उभी राहिली. तिच्या खाली बजाज फायनान्स आहे. फ्रीजपासून घरापर्यंत सगळ्याला कर्ज देणारी ही कंपनी शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. मार्च २०२४ मध्ये तिच्यातला फिनसर्वचा हिस्सा ५१ टक्क्यांहून थोडासाच जास्त होता. उरलेले शेअर म्युच्युअल फंडांकडे, परदेशी संस्थांकडे आणि लाखो किरकोळ गुंतवणूकदारांकडे. शिवाय दोन विमा कंपन्या, एक आयुर्विम्याची आणि एक सर्वसाधारण विम्याची. त्यांत तेव्हा फिनसर्वचे ७४ टक्के आणि जर्मनीच्या आलियान्झचे २६ टक्के होते. हे २६ टक्के कुणी सौदेबाजी करून ठरवलेले नव्हते. २००१ मध्ये या कंपन्या सुरू झाल्या तेव्हा विमाक्षेत्रात परदेशी भागीदाराला कायद्याने तेवढीच मुभा होती.

आता प्रश्न असा की ५१ टक्के मालकी असेल तर ५१ टक्केच हिशेब का धरत नाहीत? बजाज फायनान्सचा शंभर टक्के नफा आधी जमेला धरायचा आणि मग ४९ टक्के वजा करायचा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

बजाज फायनान्सकडे मार्च २०२४ अखेर सुमारे ३.३ लाख कोटींचा कर्जव्यवहार होता. त्यातली कोणती कर्जं फिनसर्वची आणि कोणती बाकीच्यांची, हे कुणालाच सांगता येणार नाही. एखाद्या दुचाकीच्या कर्जाचे ५१ टक्के फिनसर्वच्या मर्जीने आणि ४९ टक्के दुसऱ्याच्या मर्जीने दिले जात नाहीत. व्याजदर काय ठेवायचा, संचालक मंडळावर कोण बसायचं, लाभांश किती वाटायचा, हे बहुमत ज्याच्याकडे त्याच्या हातात असतं आणि ते पूर्ण कंपनीसाठी ठरतं. मालकीचे तुकडे पडतात, सत्तेचे पडत नाहीत. एकत्रित ताळेबंद सत्तेच्या रेषेवरून आखला जातो. सत्ता ज्या मालमत्तेवर आहे ती सगळी मालमत्ता, आणि तिच्यावरचं सगळं देणं, त्यात येतं. त्या मालमत्तेत हक्क कुणाकुणाचा, हे मग समोरच्या बाजूला दोन ओळींत सांगायचं: मूळ कंपनीच्या भागधारकांचा इतका, बाहेरच्यांचा इतका.

भारतात आज हे ‘इंड एएस ११०’ या लेखामानकानुसार चालतं. नियंत्रण आहे की नाही ते पाहताना हे मानक तीन गोष्टी विचारतं. त्या कंपनीचे महत्त्वाचे निर्णय घेण्याची ताकद तुमच्याकडे आहे का, तिच्या बऱ्यावाईट कामगिरीनुसार तुमची कमाई कमीजास्त होते का, आणि ती ताकद वापरून तुम्ही स्वतःची कमाई बदलू शकता का. तिन्ही उत्तरं ‘हो’ आली की ती उपकंपनी. मग हिस्सा ५१ टक्के असो वा ९९, बेरीज पूर्ण करायची.

बेरीज कशी होते ते छोट्या आकड्यांवर पाहणं सोपं. समजा, एका मोठ्या कंपनीने दुसऱ्या एका धाकट्या कंपनीचे ८० टक्के शेअर ८० कोटींना घेतले. धाकटीकडे १५० कोटींची मालमत्ता, डोक्यावर ५० कोटींचं कर्ज, म्हणजे निव्वळ मालमत्ता १०० कोटी. मोठीच्या स्वतःच्या ताळेबंदात या व्यवहाराची एकच नोंद दिसते: गुंतवणूक, ८० कोटी. एकत्रित ताळेबंद करताना ती नोंद खोडायची आणि तिच्या जागी धाकटीची खरी मालमत्ता व खरं कर्ज आणायचं. १५० आले, ५० आले, निव्वळ १०० कोटी. खोडले मात्र फक्त ८०. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळेनात, २० कोटींचा फरक राहतो. हे २० कोटी ज्यांनी आपले शेअर विकले नाहीत त्या धाकटीच्या भागधारकांचे. नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टचा जन्म इथे होतो. कुणी मुद्दाम सौजन्य म्हणून ती ओळ घालत नाही. पूर्ण मालमत्ता घेतली आणि मालकी अपुरी असली की ती आपोआप उरते.

प्रत्यक्षात कुणी पुस्तकी किमतीला कंपनी विकत नाही. त्याच ८० टक्क्यांसाठी मोठीने १०० कोटी मोजले असं धरू. मग दिलेले १०० अधिक बाहेरच्यांचे २०, एकूण १२०. हाती आलेली निव्वळ मालमत्ता १०० कोटींची. वरचे २० कोटी म्हणजे गुडविल. धाकटीचं नाव, तिचे गिऱ्हाईक, तिची माणसं यांच्यापोटी मोजलेली जादा रक्कम. इथे मानक एक पर्याय देतं. बाहेरच्यांचा हिस्सा निव्वळ मालमत्तेच्या २० टक्के असा सरळ धरता येतो, किंवा त्यांच्या शेअरची त्या दिवसाची बाजारातली रास्त किंमत काढता येते. ती २३ कोटी निघाली तर बाहेरच्यांचा हिस्सा २३ आणि गुडविलही २३ कोटी. व्यवहार तोच, पैसे तेवढेच, तरी ताळेबंद तीन कोटींनी फुगतो. दोन समूहांची तुलना करताना हा पर्याय कुणी कसा वापरला ते टिपांमध्ये पाहावं लागतं.

पुढे वर्ष सरतं. धाकटी १५ कोटी नफा कमावते आणि ५ कोटी लाभांश वाटते. लाभांशातले ४ कोटी मोठीकडे जातात. ते मोठीच्या स्वतंत्र हिशेबात उत्पन्न म्हणून दिसतात, पण एकत्रित हिशेबातून काढून टाकावे लागतात. धाकटीचा पूर्ण नफा आधीच घेतलेला आहे, त्यातलेच ४ कोटी पुन्हा मोजले तर एकच पैसा दोनदा येईल. उरलेला १ कोटी मात्र खरोखरच समूहाबाहेर जातो. बाहेरच्यांच्या ओळीत २० कोटींवर त्यांचा नफ्यातला वाटा ३ कोटी चढतो, लाभांशाचा १ कोटी उतरतो आणि वर्षाअखेर २२ कोटी उरतात.

आता यात एक खाच आहे आणि परीक्षार्थी इथेच घसरतात. धाकटीने वर्षभरात मोठीला माल विकला. त्यातला काही माल अजून मोठीच्या गोदामात पडून आहे आणि त्यावर धाकटीने लावलेला नफा २ कोटी आहे. समूहाच्या दृष्टीने माल घरातल्या घरात हलला. बाहेरच्या गिऱ्हाईकाला विकल्याशिवाय नफा कसला? म्हणून ते २ कोटी वजा. पण हा नफा धाकटीच्या वहीत होता, म्हणून वजावटीचा भार बाहेरच्यांवरही पडतो. त्यांचा वाटा १५ च्या नव्हे तर १३ कोटींच्या २० टक्के, म्हणजे २ कोटी ६० लाख. माल उलट दिशेने, मोठीकडून धाकटीकडे गेला असता तर तो नफा मोठीचा. बाहेरच्यांच्या ओळीला धक्का लागला नसता. नफा कुणाच्या वहीत पडला होता ते आधी शोधायचं आणि मगच वजावट वाटायची.

बजाज समूहात एक मजला आणखी आहे, म्हणून तिथलं गणित अधिक रंगतदार. बजाज फायनान्सची स्वतःची उपकंपनी आहे बजाज हाउसिंग फायनान्स. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा ६,५६० कोटींचा आयपीओ आला आणि बजाज फायनान्सचा हिस्सा १०० वरून ८८.७५ टक्क्यांवर उतरला. हाउसिंगने १०० रुपये नफा कमावला, तर ११ रुपये २५ पैसे पहिल्याच पायरीवर बाहेर जातात. उरलेल्या ८८ रुपये ७५ पैशांतले ५१ टक्क्यांहून किंचित जास्त फिनसर्वच्या वाट्याला, म्हणजे साधारण ४५ रुपये ६० पैसे. बाकी ५४ रुपयांहून अधिक रक्कम फिनसर्वच्या हिशेबात बाहेरच्यांची. तरीही फिनसर्व हाउसिंगचा शंभर टक्के नफा आणि तिची सगळी गृहकर्जं आपल्या एकत्रित हिशेबात घेते. आर्थिक हिस्सा निम्म्याहून कमी, पण सत्तेची साखळी कुठेही तुटलेली नाही: फिनसर्वच्या मुठीत फायनान्स, फायनान्सच्या मुठीत हाउसिंग.

साखळीच्या वरच्या टोकाला याच्या उलट चित्र दिसतं. फिनसर्वचे सुमारे ३९ टक्के शेअर बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंटकडे आहेत. होल्डिंग्ज मात्र फिनसर्वला उपकंपनी मानत नाही, सहयोगी कंपनी मानते. म्हणून होल्डिंग्जच्या हिशेबात फिनसर्वची कर्जं येत नाहीत, ठेवी येत नाहीत, विम्याचे हप्तेही येत नाहीत. नफ्यातला आपला वाटा एका ओळीत येतो, बस. तिथे बाहेरच्यांच्या ओळीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पूर्ण बेरीज मुळात केलेलीच नाही. हाउसिंगमध्ये ४५ टक्क्यांवर पूर्ण बेरीज आणि इथे ३९ टक्क्यांवर एकच ओळ. फरक सहा टक्क्यांमुळे पडलेला नाही, नियंत्रणामुळे पडलेला आहे.

त्या आयपीओत आणखी एक गोष्ट घडली, ती तर या सगळ्या विषयाचा कस लावणारी. बजाज फायनान्सने त्यावेळी आपल्याकडचे ३,००० कोटींचे शेअर जनतेला विकले. ते पूर्वी कमी भावात घेतलेले असल्यामुळे तिच्या स्वतंत्र हिशेबात २,५४४ कोटींचा नफा ‘अपवादात्मक बाब’ म्हणून आला. एकत्रित हिशेबात मात्र नफा-तोट्यात त्याचा मागमूस नाही. तीच कंपनी, तोच सौदा, तेच पैसे. एका कागदावर अडीच हजार कोटींचा नफा आणि दुसऱ्यावर शून्य.

गफलत यात कुठेच नाही. बाहेरचे भागधारक हे समूहाचे देणेकरी नाहीत, धनकोही नाहीत; ते समूहातल्या एका भागाचे मालक आहेत. नियंत्रण हातात ठेवून थोडे शेअर त्यांना दिले, तर मालकांच्या आपसात वाटणी बदलली, एवढंच झालं. समूहाकडचं एकही गृहकर्ज विकलं गेलेलं नाही. म्हणून मिळालेली रक्कम रोकडीत धरायची, निव्वळ मालमत्तेतला बाहेरच्यांचा नवा हिस्सा त्यांच्या ओळीत टाकायचा आणि उरलेला फरक थेट भागधारकांच्या निधीत जमा करायचा. नफा-तोटा हिशेबाला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. फायनान्सने हाउसिंगवरचं नियंत्रणच सोडलं असतं तर गोष्ट वेगळी. मग हाउसिंगची सगळी मालमत्ता एकत्रित हिशेबातून बाहेर पडली असती आणि नफा तिथेही दिसला असता.

जुन्या भारतीय पद्धतीत बाहेरच्यांचा हा हिस्सा त्रिशंकूसारखा होता. २००१ च्या ‘एएस २१’ मानकानुसार तो देण्यांतही नसे आणि भागधारकांच्या निधीतही नसे. दोन्हींच्या मध्ये वेगळी ओळ. धाकटी कंपनी तोट्यात जाऊन बाहेरच्यांची शिल्लक शून्यावर आली, की पुढचा तोटा सहसा मूळ कंपनीच्याच माथी मारला जाई. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने इंड एएस लागू झालं आणि ही ओळ भागधारकांच्या निधीत गेली. तिथे ती तोट्यामुळे उणेही होऊ शकते. ते तर्काला धरून आहे. बाहेरच्यांना ठरलेल्या तारखेला काही परत करायचं नसतं, म्हणून ते देणं नाही. आणि नफ्यात वाटा असेल तर तोट्यातही हवा.

एकत्रित हिशेब सादर करण्याचं बंधनही भारतात तसं उशिराच आलं. १९५६ च्या कंपनी कायद्यात उपकंपन्यांचे हिशेब मूळ कंपनीच्या अहवालाला जोडले की भागत असे. बेरीज ज्याची त्याने करावी. २००१ नंतर शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना बेरीज करून देणं भाग पडलं आणि २०१३ च्या कायद्याच्या कलम १२९ ने ते उपकंपनी असलेल्या कंपन्यांसाठी सर्वसाधारण नियम केलं. त्यातही कष्ट कमी नाहीत. विमा कंपन्या आपल्या नियामकाच्या जुन्या पद्धतीने हिशेब ठेवतात, आणि फिनसर्वला मात्र सगळं एकाच पद्धतीत हवं असतं. म्हणून विमा कंपन्यांचे आकडे बेरजेसाठी नव्याने मांडावे लागतात. विमा कंपनीने स्वतः जाहीर केलेला नफा आणि फिनसर्वच्या बेरजेत शिरलेला तिचा नफा जुळत नाही, तो बऱ्याचदा एवढ्यासाठीच.

ही बेरीज टाळली तर काय होतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्राला दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे ठाऊक असलेल्या कंपनीचं. एन्रॉनने १९९७ मध्ये ‘च्यूको’ नावाची संस्था उभी केली. अशा संस्थेत बाहेरच्या स्वतंत्र गुंतवणूकदाराचं किमान तीन टक्के भांडवल असेल, तर ती आपल्या हिशेबात न घेण्याची सूट तेव्हा अमेरिकेत होती. च्यूकोत बाहेरचं म्हणून दाखवलेलं भांडवल तेवढंही खरं बाहेरचं नव्हतं. नोव्हेंबर २००१ मध्ये एन्रॉनला अशा संस्था मागच्या तारखांपासून हिशेबात घ्याव्या लागल्या आणि इतर दुरुस्त्यांसह १९९७ ते २००० या चार वर्षांचा नफा ५८ कोटी डॉलरहून अधिक घटला. महिनाभरात कंपनी दिवाळखोरीत गेली.

गुंतवणूकदाराची चूक सहसा एवढी नाट्यमय नसते, पण खिशाला लागतेच. फिनसर्वचे सुमारे १५९ कोटी शेअर आहेत. ८,१४८ कोटींना त्यांनी भागलं तर शेअरमागे जवळपास ५१ रुपये कमाई निघते. कुणी घाईत १५,६०० कोटी घेतले तर ९८ रुपये येतात आणि शेअर निम्म्या भावात मिळतोय असा भास होतो. काही संकेतस्थळांच्या तक्त्यांत ‘निव्वळ नफा’ या रकान्यात हाच मोठा आकडा असतो. शेजारच्या प्रतिशेअर कमाईच्या रकान्याशी तो जुळत नाही, तिथेच शंका यावी.

दुसरी चूक उलट बाजूने होते. एखाद्या समूहाचं मूल्य काढताना लोक मूळ कंपनीच्या शेअरची बाजारातली एकूण किंमत घेतात, कर्ज मिळवतात, रोकड वजा करतात आणि आलेल्या रकमेला व्याज-करापूर्वीच्या नफ्याने भागतात. भाजकात उपकंपनीचा पूर्ण नफा आहे. भाज्यात मात्र बाहेरच्यांच्या मालकीची किंमत नाही. समूह फुकटात स्वस्त दिसतो. बाहेरच्यांचा हिस्सा मिळवल्याशिवाय ही तुलना करू नये, आणि मिळवताना ताळेबंदातली पुस्तकी रक्कम पुरेशी नाही. बजाज फायनान्ससारखी उपकंपनी बाजारात नोंदलेली असेल, तर बाहेरच्यांच्या ४९ टक्क्यांची बाजारातली किंमत रोज दिसते आणि ती पुस्तकी रकमेच्या कितीतरी पट असू शकते.

रोकडीचंही तसंच. एकत्रित ताळेबंदातला पैसा मूळ कंपनी हवा तेव्हा उचलू शकत नाही. फायनान्सकडचा एक रुपया लाभांश म्हणून वर आणायचा, तर त्यासाठी जवळपास दोन रुपये वाटावे लागतात, कारण बाहेरच्यांना त्यांचा वाटा त्याच दिवशी द्यावा लागतो. मूळ कंपनीला कर्ज देणारी बँक म्हणून एकत्रित आकड्यांवर थांबत नाही, स्वतंत्र ताळेबंदही मागून घेते. भागधारकाला एवढं खोदायचं नसेल, तर वार्षिक अहवालात एकत्रित हिशेबाच्या टिपांच्या शेवटाजवळ एक तक्ता असतो: कोणत्या उपकंपनीची निव्वळ मालमत्ता किती, एकूण नफ्यात तिचा वाटा किती, आणि सगळ्यांत तळाशी बाहेरच्यांचा किती. कंपनी कशाच्या जोरावर चालते आणि ते बळ कितपत तिचं स्वतःचं आहे, हे त्या एका पानावर कळतं.

विमा कंपन्यांतले आलियान्झचे २६ टक्के शेअर विकत घेण्याचा सुमारे २४,००० कोटींचा करार मार्च २०२५ मध्ये बजाज समूहाने केला. चोवीस वर्षांचा परदेशी भागीदार निघणार म्हटल्यावर फिनसर्वच्या विमा व्यवसायापुढची बाहेरच्यांची ओळ पुसली जाईल, असं कुणालाही वाटेल. करारातली वाटणी मात्र अशी: फिनसर्व स्वतः एक टक्क्याच्या आसपास घेणार आणि ७५.०१ टक्क्यांवर पोचणार. जवळपास २० टक्के बजाज होल्डिंग्ज घेणार आणि बाकीचे पाचेक टक्के जमनालाल सन्स. होल्डिंग्ज ही फिनसर्वच्या वरची कंपनी, खालची नव्हे. जमनालाल सन्सही फिनसर्वची उपकंपनी नाही. घराणं एकच असलं तरी फिनसर्वच्या वहीत या दोघीही बाहेरच्याच, आणि २६ टक्क्यांची ती ओळ उतरून २४.९९ टक्क्यांवर थांबते.